पाकिटावर न छापलेले आकडे

स्क्रीनच्या कोपऱ्यात १४० चा आकडा स्थिर दिसत असतो. खेळ झकास चाललेला असतो. तेवढ्यात धुराचा गोळा फुटतो, भिंतीआडून चार जण एकदम बाहेर येतात आणि नेमक्या त्या क्षणी माउस जड झाल्यासारखा वाटतो. निशाणा चुकतो. कोपऱ्यातला आकडा मात्र पुन्हा १४० दाखवू लागतो, जणू काही घडलंच नाही.

काहीतरी घडलेलं असतं, फक्त ते सरासरीत दिसत नाही. सेकंदाला १४० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे ७ मिलिसेकंद. त्या धुराच्या गडबडीत काही फ्रेम १४ मिलिसेकंद घेतात, म्हणजे तेवढ्यापुरता वेग ७१ वर येतो. हाताला हेच खटकतं. म्हणून गेम खेळणारी मंडळी सरासरीपेक्षा ‘वन पर्सेंट लो’ बघतात, म्हणजे सगळ्यांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग. हा तळाचा आकडा वर आणायचा तर पहिला उपाय म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड सुचवलं जातं. पण अडचण प्रोसेसरची असेल तर महागडं कार्डही त्याची वाट बघत बसून राहतं. अशा वेळी एक बिनखर्ची, पण चिकाटी मागणारा उपाय हाताशी असतो. तो म्हणजे रॅमची टायमिंग हाताने आवळणं. ती नेमकी कोणती आवळायची, याबद्दल मात्र बाजारात बराच गैरसमज आहे.

उदाहरणासाठी आपल्याकडे खूप दिसणारी जोडणी घेऊ. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या. रॅमच्या पाकिटावर लिहिलेलं असतं ३६००, आणि पुढे 18-22-22-42.

या प्रोसेसरच्या पोटात ३२ एमबीची सामायिक कॅश असते. हवी ती माहिती तिथे सापडली तर काम चुटकीसरशी होतं. नाही सापडली की रॅमकडे धाव घ्यावी लागते. तिथून उत्तर यायला साधारण ७० नॅनोसेकंद लागतात. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ४.४ गिगाहर्ट्झवर धावणाऱ्या प्रोसेसरसाठी ते तीनशेहून जास्त ठोके झाले. तेवढा वेळ तो गाभा बहुतेक हात चोळत बसतो.

आता साधी फ्रेम आणि जड फ्रेम यांत फरक काय, ते बघा. शांतपणे चालत असताना तीच ती माहिती पुन्हा पुन्हा लागते आणि ती कॅशमध्ये असते. चार शत्रू, धूर, उडणारे तुकडे, नवे आवाज असं सगळं एकदम आलं की प्रत्येकाची माहिती रॅमच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आणावी लागते. हिशेबासाठी धरून चालू की ७.१ मिलिसेकंदांच्या साध्या फ्रेममध्ये दीड मिलिसेकंद रॅमची वाट बघण्यात गेला आणि १४ मिलिसेकंदांच्या जड फ्रेममध्ये सहा. टायमिंग आवळून ७० नॅनोसेकंदांचे ६० केले, तर वाट बघण्यातला सातवा भाग वाचतो. साध्या फ्रेमचा वेग १४० वरून १४४ होतो, जड फ्रेमचा ७१ वरून ७६. पहिल्यात तीन टक्के, दुसऱ्यात साडेसहा. हे आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, पण सरासरी जेमतेम हलते आणि तळ मात्र जाणवण्याइतका वर येतो, त्याचं कारण हेच.

हा वेळ रॅममध्ये नेमका जातो कुठे? तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर आणा. तिथे बरीच टेबलं आहेत आणि एका टेबलावर एका वेळी एकच दप्तर उघडता येतं. दप्तर फडताळातून काढून टेबलावर सोडायला जो वेळ लागतो तो `tRCD`. उघड्या दप्तरातलं नेमकं पान काढून हातात द्यायला लागतो तो `tCL`. दुसरं दप्तर हवं असेल तर आधीचं बांधून परत ठेवावं लागतं, तो वेळ `tRP`. पाकिटावर छापलेले 18, 22, 22 म्हणजे हेच तीन, नॅनोसेकंदांत नव्हे तर रॅमच्या ठोक्यांत मोजलेले. ३६०० च्या रॅमचं खरं घड्याळ १८०० मेगाहर्ट्झचं असतं, त्यामुळे एक ठोका ०.५५६ नॅनोसेकंदाचा. अठरा ठोके म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद. गंमत म्हणजे ३२०० ची सोळा `tCL` वाली रॅमही १० नॅनोसेकंदच घेते. दुकानदार ‘सीएल सोळा आहे साहेब’ म्हणाला की लगेच हुरळून जाऊ नये, ते एवढ्यासाठीच.

पाकिटावरचे आकडे इथे संपतात. बायोसमधली यादी मात्र याच्या कितीतरी पट लांब असते आणि खरी ढिलाई तिथे लपलेली असते. कुठल्याही चिपवर, कुठल्याही हवामानात रॅम चालली पाहिजे म्हणून बनवणारे हे आकडे सढळ हाताने ठेवतात. उरलेल्या जागा मदरबोर्ड स्वतःच्या अंदाजाने भरतो, आणि त्याचा अंदाजही नेहमी सावधच असतो. त्या यादीतल्या दोन गोष्टींकडे नीट बघितलं तरी पुरे.

पहिली `tRFC`. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार आणि तो सतत गळत असतो. तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो, नाहीतर माहिती पुसली जाते. त्यासाठी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रॅमला भार भरण्याचा आदेश जातो आणि ते काम चालू असेपर्यंत तिथून काहीही वाचता येत नाही. रेकॉर्ड रूमच्या भाषेत, खिडकी बंद. ही खिडकी किती वेळ बंद ठेवायची ते `tRFC` ठरवतं. ८ गिगाबिटच्या डीडीआर४ चिपसाठी प्रमाणित वेळ ३५० नॅनोसेकंद आहे, म्हणजे आपल्या रॅमवर ६३० ठोके. ७.८ मायक्रोसेकंदांतले ३५० नॅनोसेकंद म्हणजे जवळपास साडेचार टक्के वेळ रॅम बंदच! एका १४ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये ही खिडकी सुमारे अठराशे वेळा बंद होते, आणि नेमक्या त्या वेळी आलेली मागणी ७० ऐवजी तीनचारशे नॅनोसेकंद ताटकळू शकते. बहुतेक चिपना इतका वेळ लागतच नाही. सॅमसंगच्या नावाजलेल्या बी-डायला १६० च्या आसपास नॅनोसेकंद पुरतात. हायनिक्सच्या अनेक चिप २६० ते २७० ला तयार होतात, मायक्रॉनच्या रेव्ह-ई ला ३०० च्या जवळपास लागतात. पण एक्सएमपी चालू केल्यावरही पाकिटातून येतात ते ६३० च.

दुसरी गोष्ट म्हणजे `tRRDS`, `tRRDL` आणि `tFAW` हे त्रिकूट. एक दप्तर उघडल्यावर दुसऱ्या टेबलावरचं किती ठोक्यांनी उघडायचं ते पहिले दोघे ठरवतात. तिसरा सांगतो की अमुक ठोक्यांत चारपेक्षा जास्त दप्तरं उघडायची नाहीत. मूळ आकडे साधारण ६, ९ आणि ३८ असतात. विखुरलेली माहिती गोळा करताना प्रत्येक मागणीला नवं दप्तर लागतं, म्हणजे धुराच्या त्या गडबडीत हाच नियम आडवा येतो. बऱ्याच चिप ४, ६ आणि १६ वर बिनतक्रार चालतात. `tRRDS` चार असेल तर चार दप्तरांना सोळा ठोके लागणारच, त्यामुळे `tFAW` सोळा ठेवला की ती वेगळी मर्यादा उरतच नाही. माझ्या मते नवशिक्याने आधी या दोन जागा धराव्यात. `tCL` चा आकडा मित्रांना सांगायला छान असतो, पण तो खाली आणायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि तळाच्या फ्रेमला त्यातून मिळतं बेताचंच.

बायोस उघडण्याआधी मात्र अडचण प्रोसेसरचीच आहे ना, ते तपासायचं. खेळात ग्राफिक्स कार्ड किती टक्के कामात आहे ते आफ्टरबर्नर दाखवतो. ते सतत ९७-९८ टक्के असेल तर टायमिंगचा नाद सोडा. आणखी सोपी चाचणी म्हणजे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचं. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डाची, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची. आणि खेळ पहिल्यांदा उघडल्यावर नवे शेडर तयार होताना येणारे झटके, कार्डाची मेमरी भरल्यावर येणारे झटके किंवा हार्ड डिस्कवरून नकाशा उचलताना येणारे झटके यांपैकी एकही रॅमच्या टायमिंगने जात नाही. ‘एवढं आवळलं तरी अडकतंच’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं यांतलंच असतं.

मग मूळ स्थिती मोजून ठेवायची. कॅपफ्रेमएक्स हे मोफत साधन प्रत्येक फ्रेमचा वेळ टिपतं. खेळातला एकच गर्दीचा रस्ता ठरवायचा आणि प्रत्येक वेळी तिथेच, तेवढाच वेळ, निदान तीनदा मोजायचं. तीन वेळांत आपोआप जो फरक पडतो तो लिहून ठेवायचा, कारण पुढे मिळणारा फायदा त्याहून मोठा असला तरच तो फायदा. आणखी एक खाच आहे. काही साधनं तळाच्या एक टक्का फ्रेमची सरासरी देतात, काही त्या एक टक्क्याच्या सीमेवरची फ्रेम देतात. दोन्हींना नाव एकच, आकडे मात्र वेगळे. त्यामुळे एका साधनाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघू नये.

याच वेळी मशीनमध्ये दोन पट्ट्या आहेत ना आणि एक्सएमपी चालू आहे ना, हेही बघून घ्यावं. जोडणी करून देणाऱ्याने एक्सएमपी चालूच केलेलं नसतं आणि ३६०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर रांगत असते, हे दृश्य दुर्मीळ नाही. काही मदरबोर्डवर याच सोयीला डीओसीपी म्हणतात. एकच पट्टी असेल तर दुसरी घेण्याने जे मिळेल ते टायमिंगने कधीच मिळणार नाही.

झेनटायमिंग्ज नावाचं छोटं साधन चालू असलेली सगळी टायमिंग एका चौकटीत दाखवतं. त्याचा फोटो काढून ठेवा, बायोसमधलं सध्याचं प्रोफाइल जतन करा आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. शेवटची सूचना लोक हमखास गाळतात. ती का गाळू नये, ते पुढे येतंच आहे.

आता आवळायला घ्यायचं. बायोसमध्ये मदरबोर्डगणिक नाव बदलतं, पण रॅमच्या टायमिंगचं वेगळं पान असतंच. पहिल्या फेरीत फक्त `tRFC`. ६३० वरून थेट ४८६ वर उडी न मारता आधी ५५८ घालायचे, मशीन चालू झालं आणि चाचणीत टिकलं की ५२२ आणि मग ४८६. त्याच्या शेजारी `tRFC2` आणि `tRFC4` दिसतील. या प्रोसेसरवर त्यांचा उपयोग होत नाही, ते तसेच राहू द्या. दुसऱ्या फेरीत ते त्रिकूट. तिसऱ्या फेरीत `tRTP` ८ आणि `tWR` १६. या दोघांची जोडी असते, `tWR` नेहमी `tRTP` च्या दुप्पट ठेवायचा. प्राथमिक आकडे सगळ्यांत शेवटी, आणि तेव्हाच व्होल्टेज १.३५ वरून १.४० करायचं. हायनिक्सची चिप असलेल्या पट्ट्यांवर शेवटी साधारण असं चित्र दिसतं:

```
tRFC    630 -> 486
tRRDS     6 -> 4
tRRDL     9 -> 6
tFAW     38 -> 16
tCL      18 -> 16
tRCDRD   22 -> 20
tRP      22 -> 20
tRAS     42 -> 38
tRC      64 -> 58
```

शेवटची ओळ सुटी नाही. `tRC` म्हणजे `tRAS` आणि `tRP` यांची बेरीज, इथे ३८ अधिक २०. `tCL` १७ करून बघण्याचा मोहही टाळा. गिअर डाउन मोड चालू असेल तर विषम आकडा गुपचूप वरच्या सम आकड्यावर जातो, तुम्ही १७ लिहिता आणि रॅम १८ वरच चालते. ४८६ ठोके म्हणजे २७० नॅनोसेकंद, म्हणजे खिडकी बंद राहण्याचा वेळ साडेचार टक्क्यांवरून साडेतीनवर आला. सगळं मिळून उत्तर यायला लागणारा वेळ ७० च्या आसपासहून साठीच्या घरात उतरतो.

हे आकडे जसेच्या तसे उचलू मात्र नका. एकाच नावाच्या, एकाच पाकिटातल्या रॅममध्ये गेल्या वर्षी एक चिप आणि यंदा दुसरीच, असं सर्रास होतं. कुणाच्या बी-डायवर २८८ चालणारा `tRFC` मायक्रॉनच्या चिपवर घातला तर मशीन सुरूच होणार नाही. तयार आकडे काढून देणारी गणकयंत्रंही मिळतात. त्यांचा आधार अंदाजापुरता घ्यावा.

चुकलं तर कसं कळतं? ढोबळ चूक झाली तर मशीन सुरू होत नाही. पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते, मदरबोर्ड दोनतीनदा स्वतः प्रयत्न करतो आणि मूळ टायमिंगवर परततो. नाही परतला तर वीज बंद करून बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना क्षणभर जोडायच्या किंवा गोल बॅटरी काही मिनिटं काढून ठेवायची. यात काही बिघडत नाही. घाबरायचं ते याहून लहान चुकीला. मशीन सुरू होतं, खेळही चालतो, पण तासाभराने गेम काही न सांगता बंद पडतो. ब्राउझरची एखादी टॅब उगाच कोसळते. मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा निरोप येतो. कधी निळ्या पडद्यावर `MEMORY_MANAGEMENT` उमटतं. याहून वाईट म्हणजे काहीच दिसत नाही आणि रॅममध्ये उलटलेला एक बिट डिस्कवर जाऊन कायमचा बसतो. त्या फायलीत घरातल्या लग्नाचे फोटो असू शकतात. प्रत काढायला सांगितलं होतं ते याचसाठी.

म्हणून प्रत्येक फेरीनंतर चाचणी हवी. टेस्टमेम५ हे साधन आणि त्यासाठी अंटा७७७ या नावाने प्रसिद्ध झालेली ‘एक्स्ट्रीम’ मांडणी ही बहुतेकांची पसंती आहे. १६ जीबीला तासाहून जास्त वेळ लागू शकतो. चूक शून्यच हवी, एक चूकही चालवून घ्यायची नाही. ‘गेम तर चालतोय ना’ हा युक्तिवाद इथे लागू नाही.

चाचणीतून सुटणारी एक गोष्ट म्हणजे उष्णता. रॅम तापली की कपॅसिटरमधला भार लवकर गळतो, आणि `tRFC` कमी करून आपण तो भरण्याचा वेळच कापलेला असतो. रॅमची चाचणी चालते तेव्हा ग्राफिक्स कार्ड थंड असतं. खेळताना मात्र दोनअडीचशे वॉट ओकणारं कार्ड रॅमच्या शेजारी असतं. बी-डायच्या पट्ट्या ५० अंशांच्या आसपास गेल्यावर चुका करू लागतात, हा अनेकांचा अनुभव आहे. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते आणि कॅबिनेट टेबलाखालच्या कप्प्यात कोंबलेलं असतं. डिसेंबरमध्ये शून्य चुका दाखवणारी टायमिंग तिथे टिकतीलच असं नाही. तेव्हा एक चाचणी भर दुपारी, अर्धा तास खेळून झाल्यावर लगेच घ्यावी. चूक आली तर `tRFC` दहावीस ठोके वाढवावा. पट्ट्यांवर वारा येईल असा एखादा पंखा लावला तर बरंच काम होतं.

प्रोसेसर वेगळा असेल तर हिशेबही बदलतो. ५८००एक्स३डी वर ९६ एमबी कॅश आहे. बहुतेक माहिती तिथेच सापडत असल्यामुळे रॅमकडे धाव कमी आणि आवळण्याचा फायदाही कमी. इंटेलच्या मशीनवर आणि रायझनच्या नव्या डीडीआर५ पिढीत खिडकी किती वेळ बंद ठेवायची याबरोबरच ती किती वेळाने बंद करायची, तो `tREFI` हा आकडाही बदलता येतो. त्यातून मिळणारा फायदा मोठा असतो. पण भार भरण्याच्या दोन वेळांतलं अंतरच वाढल्यामुळे तिथे उष्णतेचं भय दुप्पट. एएम४ च्या मशीनवर हा पर्याय मिळत नाही, आणि पहिल्यांदाच बायोसमध्ये शिरणाऱ्यासाठी ते बरंच आहे.

सगळं झालं की पुन्हा तोच रस्ता, तीन वेळा मोजायचा. प्रोसेसरने खरोखर अडवलेल्या खेळात तळाचा आकडा पाचसात टक्क्यांनी वर आला तर काम पदरात पडलं असं समजावं. काही खेळांत तो दहाच्याही पुढे जातो. आणि आलेला फरक तुमच्या पहिल्या तीन मोजण्यांतल्या आपसातल्या फरकाएवढाच असेल, तर जतन केलेलं एक्सएमपीचं प्रोफाइल परत लावा आणि खेळायला बसा.